दुसरा ॲम्प आला, कर्कशपणा गेला नाही: एका टू-वे स्पीकरचं प्रकरण

मित्राचा फोन आला तेव्हा तो खुशीत होता. "अरे, बाय-ॲम्पिंग केलं, वूफरला एक ॲम्प, ट्वीटरला दुसरा. ट्रेबल काय मोकळा झालाय, येऊन ऐक." आठवड्याभराने पुन्हा फोन आला तेव्हा आवाज उतरला होता. मोठ्या आवाजात ऐकलं की पूर्वीसारखेच कान टोचत होते, आणि मूळ तक्रार तर तीच होती. त्यासाठीच त्याने दुसरा ॲम्प आणला होता.

त्याचे स्पीकर साधे टू-वे आहेत: साडेसहा इंची वूफर, एक इंची सॉफ्ट डोम ट्वीटर, पेटी २१ सेंटीमीटर रुंद, आणि वूफर-ट्वीटरमध्ये सिग्नल वाटणारा फिल्टर, म्हणजे क्रॉसओव्हर, २२०० हर्ट्झच्या आसपास. मागे चार टर्मिनल आहेत आणि वरच्या व खालच्या जोडीला जोडणाऱ्या दोन पितळी पट्ट्या. पट्ट्या काढल्या की वूफरचा फिल्टर आणि ट्वीटरचा फिल्टर एकमेकांपासून सुटे होतात. त्याने तेच केलं होतं. आधीचा ५० वॅटचा ॲम्प वूफरला ठेवला आणि नवा, तेवढ्याच ताकदीचा, ट्वीटरला लावला. पट्ट्या मात्र आठवणीने काढल्या होत्या. त्या तशाच राहिल्या तर दोन ॲम्पची आउटपुटं थेट एकमेकांना भिडतात, आणि पहिल्याच सुराला एखादा ॲम्प जाऊ शकतो.

मी सोबत मल्टिमीटर नेला होता. "मोकळा ट्रेबल" म्हटलं की माझा पहिला संशय गेनवर, म्हणजे ॲम्प सिग्नल किती पट वाढवतो त्यावर असतो. २०० हर्ट्झचा सूर लावला. या जोडणीत दोन्ही ॲम्पना पूर्ण सिग्नल जातो, त्यामुळे सूर कोणताही चालतो. स्वस्त मल्टिमीटर कमी फ्रिक्वेन्सीला जास्त भरवशाचा, म्हणून २०० घेतला. वूफरच्या टर्मिनलवर एसी २.०० व्होल्ट आले. ट्वीटरच्या टर्मिनलवर २.५२. म्हणजे नव्या ॲम्पचा गेन बरोबर २ डेसिबलने जास्त होता, आणि जुन्या ॲम्पला टोन कंट्रोल असता तर ट्रेबलची घुंडी किंचित फिरवूनही जवळपास तोच "मोकळेपणा" मिळाला असता. नव्या ॲम्पची इनपुट पातळी उतरवून दोन्हीकडे २.०० केले. मित्राने पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "परत पहिल्यासारखं झालं की."

झालं होतंच. या जोडणीत बदललं काय होतं, ते नीट पाहू.

तीस व्होल्ट

५० वॅटचा ॲम्प ८ ओहमवर जास्तीत जास्त सुमारे २८ व्होल्टचं शिखर देऊ शकतो. त्यापुढे लाट वरून कापली जाते, म्हणजे क्लिपिंग होतं. आता गाण्यातला एक क्षण घ्या: ६० हर्ट्झचा ढोलासारखा ठोका २२ व्होल्टचा आणि त्याच वेळी झांजेचा ३ किलोहर्ट्झचा सूर ८ व्होल्टचा. दोन्ही एकाच तारेतून जाताना एकमेकांवर स्वार होतात, आणि बेरीज ३० व्होल्टपर्यंत जाते. ॲम्पकडे २८च आहेत. त्यामुळे ठोक्याच्या प्रत्येक शिखराशी वर बसलेला नाजूक सूर छाटला जातो आणि छाटणीतून नवे, कर्कश हार्मोनिक तयार होतात. पेटीतला, ॲम्पनंतर बसणारा पॅसिव्ह क्रॉसओव्हर आपलं काम इमानदारीने करतो: उंच फ्रिक्वेन्सी ट्वीटरकडे. हार्मोनिकही उंचच असतात, म्हणून तेही ट्वीटरकडे जातात. ढोल वाजताना झांज टोचते ती यामुळे.

आता दुसरा ॲम्प लावा, पण क्रॉसओव्हर पेटीतच राहू द्या. ट्वीटरच्या ॲम्पला इनपुटवर अजूनही ढोल आणि झांज दोन्ही मिळतात. फिल्टर त्याच्या आउटपुटनंतर आहे, इनपुटआधी नाही. करंट त्याला झांजेपुरताच द्यावा लागतो, पण व्होल्टेज पूर्ण ३० व्होल्टचं उभारावं लागतं, आणि त्याची मर्यादाही २८च आहे. म्हणजे दोन्ही ॲम्प एकाच क्षणी, एकाच जागी क्लिप होतात. मित्राच्या घरी छोटा हँडहेल्ड ऑसिलोस्कोप लावून हे डोळ्यांनी पाहिलं. ट्वीटरच्या ॲम्पच्या आउटपुटवर बेसची मोठी लाट होती, तिच्यावर झांजेची बारीक शिवण होती, आणि शिखरावर ती शिवण सपाट पुसली गेलेली. ट्वीटरला ज्या बेसशी काही देणंघेणं नाही, त्या बेसनेच त्याच्या ॲम्पला भिंतीला लावलं होतं.

थोडा फायदा होतो, तो लपवत नाही. करंट दोघांत वाटला गेल्याने पॉवर सप्लाय थोडा कमी खचतो आणि क्लिपिंगची मर्यादा किंचित वर सरकते. पण तो फायदा असा नाही की त्यासाठी आख्खा ॲम्प आणावा.

क्रॉसओव्हर ॲम्पच्या आधी आणला की गणितच बदलतं. लाइन लेव्हलवर सिग्नलचे दोन भाग होतात. एका ॲम्पला फक्त २२ व्होल्टचा ढोल मिळतो, दुसऱ्याला फक्त ८ व्होल्टची झांज, आणि दोघेही २८च्या आत सुखाने राहतात. ॲक्टिव्ह क्रॉसओव्हरचा हा खरा हिशोब आहे. "५० अधिक ५० म्हणजे २००" असं जे म्हणतात ते यातूनच आलेलं आहे: व्होल्टेजची शिखरं बेरजेने मोजली तर दोन ५० वॅटचे ॲम्प मिळून एका २०० वॅटच्या ॲम्पएवढी शिखरं सांभाळू शकतात. फक्त ते दोन्ही भाग सारखेच मोठे असतील तर. संगीतात ते तसे नसतात, बहुतेक ताकद खालच्या काही शे हर्ट्झमध्ये असते, म्हणून प्रत्यक्षात मिळणारी सूट त्याहून बरीच कमी.

मी त्याला स्पष्ट सांगितलं की नुसता कर्कशपणा घालवायचा असेल तर एक १५०-२०० वॅटचा ॲम्प घे आणि पट्ट्या परत लाव. तो म्हणाला, सिग्नलचे भाग ॲम्पच्या आधीच आकडेमोडीने पाडणारा डीएसपीचा डबा ऑर्डर करून झालाय.

पुस्तकातला फिल्टर

डबा आला: दोन इनपुट, चार आउटपुट. त्याने पेटी उघडून पॅसिव्ह बोर्ड बाजूला केला आणि टर्मिनलपासून थेट ड्रायव्हरपर्यंत तारा ओढल्या. हे बरोबर केलं. बोर्ड तसाच ठेवून वर ॲक्टिव्ह फिल्टर लावणारे पुष्कळ आहेत. मग एकाच सिग्नलवर दोन फिल्टर बसतात आणि क्रॉसओव्हरच्या आसपासचा भाग बेपत्ता होतो.

मग त्याने मेन्यूतून 'लिंक्विट्झ-रायली, २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह, २२०० हर्ट्झ' निवडलं, दोन्ही बाजूंना तेच. लिंक्विट्झ आणि रायली हे एका अमेरिकन उपकरण कंपनीत काम करणारे इंजिनिअर. लिंक्विट्झचा १९७६ सालचा शोधनिबंध या विषयातला पायाचा दगड आहे. या फिल्टरची गंमत अशी की क्रॉसओव्हरच्या जागी दोन्ही शाखा सहा-सहा डेसिबल खाली आणि एकाच फेजमध्ये असतात, म्हणजे दोन्हींच्या लाटा एकाच वेळी चढतात-उतरतात, त्यामुळे बेरीज बरोबर शून्य डेसिबलवर, मूळ पातळीवर येते. अट एकच: ही बेरीज हवेतल्या आवाजाची असायला हवी, आणि मेन्यूतला फिल्टर तर फक्त विजेच्या सिग्नलचा असतो.

ऐकलं तर आवाज पातळ आणि मधून पोकळ. गायकाचा आवाज बाजूच्या खोलीतून येतोय असं वाटत होतं. मित्राने ट्वीटरच्या तारा उलट्या लावल्या आणि पोकळी एकदम भरली. त्याला वाटलं, सुटलं कोडं. मग तो खुर्चीतून उठला आणि आवाज बदलला. बसला की पुन्हा वेगळा.

मापन लागणारच होतं. स्पीकर स्टूलवर चढवून ट्वीटर जमिनीपासून १.२ मीटरवर आणला, तेवढ्याच उंचीवर एक मीटर अंतरावर मेजरमेंट माइक. या मांडणीत जमिनीवरून परतणारा आवाज थेट आवाजाच्या सुमारे साडेचार मिलिसेकंद मागून येतो. तो येण्याआधीच मापनाची वेळेची खिडकी बंद केली की खोलीचा हस्तक्षेप वगळता येतो, पण मग साधारण २२० हर्ट्झच्या खालचं मापन भरवशाचं राहत नाही. क्रॉसओव्हरच्या कामाला एवढं पुरतं. दोन्ही ड्रायव्हर वेगवेगळे मोजताना वेळेचा संदर्भ सामाईक हवा, म्हणजे सॉफ्टवेअरमधला टायमिंग रेफरन्स चालू हवा. नाहीतर प्रत्येक मापन स्वतःचं शून्य धरतं आणि फेजची तुलनाच होत नाही.

आलेख आला. २२०० हर्ट्झला सात डेसिबलचा खड्डा. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ट्वीटर स्वतःच ९०० हर्ट्झच्या खाली उतरू लागतो, आणि त्या उताराचा फेज वर २२०० पर्यंत पोचलेला असतो. तिथे तो सुमारे ३५ अंश पुढे आहे. वूफर ४ किलोहर्ट्झच्या आसपास स्वतःहून उतरतो, आणि २२०० ला तो साधारण ४८ अंश मागे आहे. शिवाय वूफरच्या शंकूचं ध्वनिकेंद्र, म्हणजे जिथून आवाज निघतो ती जागा, ट्वीटरच्या डोमपेक्षा अंदाजे २ सेंटीमीटर आत. २२०० हर्ट्झची तरंगलांबी साडेपंधरा सेंटीमीटर, तेव्हा २ सेंटीमीटर म्हणजे आणखी ४६ अंश. एकूण फरक १२९ अंश. विरुद्ध दिशेच्या बऱ्यापैकी जवळ. म्हणून तारा उलटल्यावर खड्डा भरला: उरलेला फरक ५१ अंशच राहिला, आणि समोरून बेरीज ठीक दिसू लागली. पण फेज तिथे जुळलेला नव्हताच. आवाजाचा झोत वर किंवा खाली झुकला होता, म्हणून उठता-बसता आवाज बदलत होता.

उतार जुळवणं

सुरुवात मेन्यूतली दोन २४ डेसिबलची फिल्टरं काढून केली. ड्रायव्हरचा स्वतःचा उतार अधिक आपला फिल्टर मिळून हवेत २४ डेसिबलचा उतार दिसायला हवा, म्हणून फिल्टर सौम्य घ्यावा लागतो. वूफरला १२ डेसिबलचा फिल्टर पुरला, पण त्याची फ्रिक्वेन्सी २२०० च्या बरीच खाली आणावी लागली. ट्वीटरलाही १२ डेसिबलचाच, पण त्याची फ्रिक्वेन्सी २२०० च्या बरीच वर न्यावी लागली. मग लक्ष्यरेषा पडद्यावर ठेवून एक-दोन पॅरामेट्रिक ईक्यूने आलेख तिच्यावर बसवत गेलो. याला दुपार गेली, आणि माझ्या मते बाय-ॲम्पिंगमधलं खरं काम हेच आहे. पॅसिव्ह बोर्डावर हे सगळं कोणीतरी आधीच करून ठेवलेलं होतं; बोर्ड काढला तेव्हा ते कामही काढलं गेलं.

पातळपणाचं कारण बोर्डावरच्या एका मोठ्या कॉइलमध्ये होतं. उंच फ्रिक्वेन्सीला पेटीचा पुढचा फळा आवाज पुढेच ढकलतो. खालची फ्रिक्वेन्सी फळ्याला वळसा घालून मागेही पसरते, आणि समोर बसलेल्याला कमी ऐकू येते. याला बॅफल स्टेप म्हणतात. ही पायरी कुठे येते त्याचा ढोबळ अंदाज म्हणजे ११५ भागिले फळ्याची रुंदी मीटरमध्ये. २१ सेंटीमीटरला सुमारे ५५० हर्ट्झ. मोकळ्या हवेत फरक सहा डेसिबलपर्यंत जातो, पण भिंत जवळ असली तर ती थोडा बेस परत देते. मूळ डिझाइनरने मोठी कॉइल वापरून मधला भाग दाबला होता आणि ही भरपाई केली होती. आम्ही डीएसपीत ५५० च्या आसपास एक शेल्फ लावला, म्हणजे त्याखालचा सगळा भाग वर उचलला. चार डेसिबलने सुरुवात केली आणि कानाने तीनवर आणला, कारण स्पीकर भिंतीपासून फार लांब नाहीत.

शेवटी डिले. उतार जुळले तेव्हा फक्त ध्वनिकेंद्राचा ४६ अंशांचा फरक उरला होता. त्याचं वाईट असं की सरळ बेरजेत तो जवळजवळ दिसत नाही, एक डेसिबलही पडत नाही. म्हणून मुद्दाम ट्वीटरची पोलॅरिटी उलटी करून मोजायचं: फेज खरंच जुळला असेल तर २२०० ला खोल, टोकदार दरी पडायला हवी. आमची दरी जेमतेम आठ डेसिबलची होती. २ सेंटीमीटरला ध्वनीला ५८ मायक्रोसेकंद लागतात. ट्वीटर पुढे आहे, म्हणून तेवढा उशीर ट्वीटरला दिला. दरी तीस डेसिबलपर्यंत खोल गेली. पोलॅरिटी सरळ केली आणि मित्राला उठबस करायला सांगितलं. फरक उरला होता, पण आता कान टवकारून शोधावा लागत होता.

ट्वीटरची भीती

पॅसिव्ह बोर्डावर ट्वीटरच्या आधी एक कपॅसिटर असतो. फिल्टरचं काम करता करता तो डीसी आणि स्विच ऑनचा धप्पा दोन्ही अडवतो. ॲक्टिव्हमध्ये ॲम्प थेट ट्वीटरच्या कॉइलला भिडतो. ॲम्प बिघडला, डीएसपीने चालू होताना ठोका दिला, किंवा चुकून आउटपुट एक आणि दोनची अदलाबदल झाली, तर एका क्षणात ट्वीटर जळू शकतो. म्हणून ट्वीटर जोडण्याआधी आम्ही आवाज अगदी कमी ठेवून १०० हर्ट्झचा सूर लावला आणि ट्वीटरच्या तारांवर मल्टिमीटर धरला. तिथे जवळपास शून्य हवं. आधी ते शून्य नव्हतं. डाव्या बाजूचे केबल उलटे होते.

मी रक्षणाला मालिकेत ४७ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर घालतो. ६ ओहमच्या ट्वीटरला त्याचा कोपरा ५६५ हर्ट्झला येतो, क्रॉसओव्हरच्या बराच खाली, आणि २२०० ला तो पाव-एक डेसिबल आणि १४ अंश फेज खातो. २२ मायक्रोफॅरॅडचा घेतला असता तर २९ अंश गेले असते. कोणताही घ्या, पण मापन त्याच्यासकट करा. नंतर घुसवला तर जुळवलेला फेज पुन्हा बिघडतो. सवय अशी लावून घ्यायची की डीएसपी आधी चालू आणि ॲम्प शेवटी, बंद करताना ॲम्प आधी.

मग खरखर. रात्री शांत खोलीत ट्वीटरमधून बारीक हिस ऐकू येऊ लागला. ट्वीटर वूफरपेक्षा चार डेसिबल जास्त संवेदनशील, पॅसिव्हमधले रेझिस्टर ते चार डेसिबल गिळत होते, आणि त्यासोबत हिसही गिळत होते. आता डीएसपीच्या आउटपुटचा सुमारे ५० मायक्रोव्होल्टचा गोंगाट २९ डेसिबल गेनच्या ॲम्पमधून थेट ट्वीटरवर जात होता. हिशोब केला तर एक मीटरवर सुमारे २५ डेसिबल. मित्राने डीएसपीत ट्वीटरची पातळी खाली ओढली. हिस जागचा हलला नाही. हलणारही नव्हता, कारण हा गोंगाट त्या घुंडीनंतर, कन्व्हर्टरच्या आउटपुटवर तयार होतो.

उपाय तारेत आहे. ट्वीटरच्या ॲम्पच्या इनपुटवर दोन रेझिस्टर: ४.७ किलोओहम मालिकेत, १.२ किलोओहम जमिनीला. सिग्नल पाचव्या भागावर येतो, हिससुद्धा. डीएसपी २ व्होल्टपर्यंत देऊ शकतो, म्हणजे ॲम्पला ०.४ व्होल्ट मिळतात आणि ट्वीटरपाशी ११ व्होल्ट. ट्वीटरला एवढे कधी लागतच नाहीत. तो संवेदनशील असल्याने मघाच्या झांजेच्या ८ व्होल्टचं आता ५ व्होल्टमध्ये भागतं. हिस ऐकायला आता ट्वीटरला कान लावावा लागतो.

हाती काय आलं

स्कोप पुन्हा लावला. आवाज पूर्वीपेक्षा तीन डेसिबल वर नेईपर्यंत ट्वीटरचा ॲम्प निवांत होता. वूफरचा ॲम्प त्यानंतर क्लिप होऊ लागला. तेव्हाही फरक कानाला कळतो: क्लिपिंगचे हार्मोनिक आता फक्त वूफरकडे जातात, आणि तो उंच सूर नीट वाजवू शकत नसल्याने टोचण्याऐवजी ठोका किंचित जाड, दबलेला वाटतो. तीन डेसिबल म्हणजे ॲम्पची ताकद दुप्पट करण्याएवढं. एका २०० वॅटच्या ॲम्पने सहा दिले असते, दुपारभर माइक न मांडता.

तेव्हा तयार टू-वे स्पीकर, आणि त्याच्या मूळ डिझाइनवर तक्रार नाही, अशा परिस्थितीत मी हे कुणाला सुचवणार नाही. त्याला डिलेचा फायदा मिळाला, तोही खरा आहे, पण त्याने त्यासाठी दुसरा ॲम्प आणला नव्हता. ड्रायव्हर आणि पेटी स्वतः जमवणाऱ्याची गोष्ट वेगळी. मापन त्याला तसंही करावंच लागतं, आणि बोर्डावर कॉइल बदलत बसण्यापेक्षा पडद्यावर आकडा बदलणं केव्हाही सोपं. हॉर्न ट्वीटर वूफरपेक्षा दहा-बारा डेसिबल जोरकस असतो, तिथे रेझिस्टरमध्ये एवढी ताकद जाळण्यात अर्थ नाही. आणि सबवूफर लावणारा प्रत्येकजण ॲक्टिव्ह बाय-ॲम्पिंगच करत असतो, तसं तो म्हणत नाही एवढंच.

सगळ्यात पटणारं कारण कमी फ्रिक्वेन्सीचं आहे. २५० हर्ट्झला तोडायचं असेल, तर ८ ओहमला १२ डेसिबलच्या लिंक्विट्झ-रायलीसाठी १० मिलिहेन्रीची कॉइल आणि ४० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लागतो, आणि असे दोन संच. एवढ्या कॉइलचा तांब्याचा रोध कमी ठेवायचा तर ती नारळाएवढी होते. गाभा घातला तर लहान होते, पण मोठ्या आवाजात गाभा सॅच्युरेट होऊन विकृती येते. शिवाय २५० हर्ट्झला सिग्नल खरोखर दोन जड भागांत तुटतो, त्यामुळे मघाची व्होल्टेजची सूट इथे पूर्ण कामाला येते. मित्राकडे एक जुना थ्री-वे पडून आहे, बारा इंची वूफरवाला. डीएसपीची चार आउटपुटं आणि दोन्ही ॲम्प आता तिकडे निघाले आहेत: वूफर एका ॲम्पवर, आणि मिडरेंज व ट्वीटर मूळ पॅसिव्ह बोर्डासकट दुसऱ्यावर. टू-वेचे बोर्ड त्याने जपून ठेवले होते. ते परत पेटीत बसले, पितळी पट्ट्यांसकट.